कार्ड रिकामं बसलं होतं

ताईचं घर बेळगावच्या वडगावात, यंत्रमागांच्या गल्लीत. पावसाळ्यात त्या गल्लीत शिरलं की ओल्या सुताचा वास येतो आणि शेजारच्या घरातल्या मागाची खटखट भिंतीतून आत झिरपत राहते. गेल्या जुलैमधली गोष्ट आहे. मी चहा पीत बसलो होतो आणि भाचा आतून हाक मारत होता, "मामा, जरा बघ की. कार्ड नवं घातलंय तरी अडकालंय." वर्षभर शिकवण्या घेऊन, दिवाळीचे पैसे जपून त्याने आरटीएक्स 3060 हे ग्राफिक्स कार्ड घेतलं होतं. जुनं चार जीबीचं जीटीएक्स 1650 त्याने मित्राला विकून टाकलं होतं. नव्या कार्डाचा रिकामा खोका अजून टेबलावर उभा होता, आतला फोम नीट परत बसवून ठेवलेला. आणि पडद्यावर त्याने ज्याच्यासाठी एवढं केलं तो खेळ चालू होता. बाजारपेठेतून त्याचा नायक चालत होता, आणि सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे किती चित्रं, उमटतात ते दाखवणारा कोपऱ्यातला आकडा सांगत होता 41. जुन्या कार्डावर त्याच जागी 34 येत होते.

मग त्याने जे केलं ते मला अजून आठवतं. एक अक्षर न बोलता सेटिंगमध्ये गेला आणि सगळं खाली आणलं. सावल्या, गवत, प्रतिबिंबं, टेक्स्चर, सगळं लो. रिझोल्यूशन 1080 वरून 720 वर. चित्र इतकं पुसट झालं की दुकानांवरच्या पाट्या वाचता येईनात. आकडा झाला 42. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "दहा वर्षांमागच्या खेळासारखं दिसालंय, मग हे एवढं कार्ड मागतंय कशाला?"

त्या प्रश्नाने मला रात्रभर झोपू दिलं नाही.

मी उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमध्ये सीएनसीचे, म्हणजे संगणकाच्या हुकमावर धातू कापणाऱ्या मशीनचे प्रोग्रॅम करतो. संगणकाचे खेळ मी स्वतःही पंचवीस वर्षं खेळतोय, पण त्या रात्री उत्तर मला मशीनवरून सुचलं. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्याकडे एक जुनी मिलिंग मशीन होती. तिच्या कंट्रोलरची मेमरी इतकी लहान की डायचा, म्हणजे साच्याचा, मोठा प्रोग्रॅम आत मावायचाच नाही. मग शेजारी पीसी ठेवून केबलने ओळ ओळ पाठवायची. प्रोग्रॅम असा असायचा:

```
X12.345 Y67.891 Z-3.210
X12.440 Y67.902 Z-3.228
```

डायची वळणं अशा हजारो बारीक तुकड्यांनी बनतात, एकेक तुकडा मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा. केबलचा वेग 9600 बॉड, म्हणजे सेकंदाला साधारण 960 अक्षरं. एका ओळीला 25 अक्षरं धरली तर सेकंदाला 38 ओळी, म्हणजे जेमतेम चार मिलिमीटर, म्हणजे मिनिटाला 230. आम्ही फीड `F2000`, म्हणजे मिनिटाला 2000 मिलिमीटर, लिहायचो. मशीनला ते झेपत होतं, स्पिंडलची ताकद शिल्लक होती, टूल नवं होतं. पण टूल कचकचत, थांबत थांबत चालायचं, कारण पुढची ओळ आलेलीच नसायची. नव्या माणसाला वाटायचं मोटर कमजोर आहे. आमचे फोरमन पॅनेलवर हात ठेवायचे आणि कन्नडात म्हणायचे, लोड मीटर बघ आधी. लोड मीटरचा काटा विशीच्या वर जायचा नाही. मोटर बदलून त्या मशीनचा वेग एका मिलिमीटरनेही वाढला नसता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कामावरून सरळ वडगावला गेलो आणि भाच्याला म्हटलं, लोड मीटर दाखव. टास्क मॅनेजर उघडला. बाजारपेठेत उभं राहून पाहिलं तर ग्राफिक्स कार्ड 52 टक्क्यांवर होतं. अर्धं कार्ड रिकामं बसलं होतं. त्याचा प्रोसेसर सहा कोअरचा आय-5 9400एफ. एकूण वापर सत्तर टक्के दिसत होता, म्हणजे तोही मोकळा वाटावा असा. पण आलेखावर उजवं बटण दाबून एकेक कोअर वेगळा करून पाहिला, तेव्हा एक कोअर छताला टेकला होता आणि बाकीचे त्याची वाट बघत मधेच उठबस करत होते. मग त्याच खेळात त्याला गावाबाहेरच्या गुहेत न्यायला सांगितलं. तिथे माणसं नाहीत, कोंबड्या नाहीत, दुकानं नाहीत. सेटिंग पुन्हा हाय. आकडा 75, कार्ड 98 टक्के. जुन्या कार्डावर ह्याच गुहेत 38 येत होते, असं तो म्हणाला. म्हणजे नवं कार्ड दुप्पट काम करत होतं, फक्त त्याला काम मिळेल तिथेच.

इथे थोडा हिशेब करावा लागतो, आणि तो मी त्याच्या वहीत मागच्या पानावर करून दाखवला. सेकंदाला 60 फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला 16.7 मिलिसेकंद मिळतात. 30 चालणार असतील तर 33.3. प्रत्येक फ्रेमसाठी दोन जण राबतात. प्रोसेसर आधी ठरवतो की बाजारातला प्रत्येक माणूस आता कुठे आहे, कुणीकडे चाललाय, कुणाला धडकतोय, कुठलं पिंप घरंगळलं. मग तो कार्डाला यादी देतो की हे हे काढ. कार्ड चित्र काढतं. सावली, गवत, रिझोल्यूशन ही बटणं मुख्यतः दुसऱ्याच्या कामाची आहेत. पहिल्याच्या यादीतला एकही माणूस त्याने कमी होत नाही. भिंतीआड असलेला, पडद्यावर न दिसणारा माणूसही तिथे चालतच असतो. म्हणून ग्राफिक्स जुनाट दिसतं आणि भार मात्र जड असतो. जो भार आहे तो चित्रात नाहीच.

आता भाच्याचा 41 चा आकडा घ्या. 1000 भागिले 41, म्हणजे फ्रेममागे 24.4 मिलिसेकंद, आणि कार्ड अर्धं रिकामं असल्यामुळे हा जवळजवळ सगळा वेळ प्रोसेसरचा. हा खेळ मुळात प्लेस्टेशनसारख्या कन्सोलसाठी बनलेला, आणि कन्सोलवर त्याला 30 फ्रेमचंच बंधन होतं. म्हणजे बनवणाऱ्यांनी बाजारातल्या त्या सगळ्या माणसांना 33 मिलिसेकंदांचा वाटा दिला होता आणि तो वाटा भरेपर्यंत माणसं भरली होती. त्यांच्या दृष्टीने तो काटकसरीने केलेला संसार होता. भाच्याचा प्रोसेसर तेच काम 24 मध्ये संपवतोय. तो कन्सोलच्या मुदतीच्या कितीतरी आधीच हजर आहे! पण आपल्याला 16.7 मध्ये हवंय. त्यासाठी एकेका कोअरचा वेग जवळजवळ दीडपट हवा. बाजारातलं सगळ्यात महाग कार्ड आणून लावलं तरी बाजारपेठेत 42 च येतील.

हे सांगताना त्याचा चेहरा बघवला नाही. मागाची खटखट तेवढी चालू होती. तो खोक्याकडे बघत होता.

आधी त्याने मला विचारलं असतं तर काय सांगितलं असतं, हा विचार मग मी बरेच दिवस केला. कारण हे आधी ओळखता येतं, निदान बऱ्याच वेळा. सगळ्यात चांगली खूण कन्सोलकडेच असते. आता बहुतेक खेळ कन्सोलवर दोन पर्याय देतात, एक देखणा पण 30 फ्रेमचा, दुसरा चित्र जरा उतरवून 60 चा. दुसरा पर्याय कसा देतात? रिझोल्यूशन कमी करून. म्हणजे कार्डाचा भार उतरवून. ज्या खेळात हा 60 चा पर्यायच नाही, तिथे मनात पाल चुकचुकायला हवी. रिझोल्यूशन खाली आणून 60 मिळाले असते तर त्यांनी ते दिलेच असते. नाही दिले, म्हणजे बहुधा प्रोसेसरनेच हात टेकलेत. कधी कधी चित्रच इतकं जड असतं की कारण तेही असू शकतं, म्हणून ही खूण एकटी पुरत नाही. पण खरेदीआधी पाहायची पहिली गोष्ट हीच, आणि ती पाहायला पैसे पडत नाहीत.

'ड्रॅगन्स डॉग्मा 2' हा खेळ कन्सोल आणि पीसीवर एकाच दिवशी, 22 मार्च 2024 ला आला, तेव्हा नेमकं हेच झालं. कन्सोलवर तो तिशीच्या आसपासच चालत होता. पीसीवर रानात ठीक, आणि मोठ्या शहरात शिरलं की भारी कार्डवाल्यांचेही आकडे कोसळत. बनवणाऱ्या कॅपकॉमने स्वतःच कारण सांगितलं. प्रत्येक पात्रासाठी प्रोसेसरचा वाटा राखलेला असतो, आणि एका जागी बरीच पात्रं आली की तो वाढत जातो. खेळणाऱ्यांनी शहरातली माणसं मारून पाहिली तर फ्रेम वाढल्या. त्याच वर्षी पुढे पॅच देऊन त्यांनी शहरातला वेग सुधारलाही. पण मला खटकतं ते वेगळं. खेळ यायच्या आधी छापलेल्या तक्त्यात शिफारस केलेल्या मशीनपुढे, म्हणजे आरटीएक्स 2080 आणि आठ कोअरच्या आय-7 10700 पुढे, अपेक्षित वेग 30 फ्रेमच लिहिला होता. लपवलेलं काही नव्हतं. आपणच तो तक्ता कार्डाचं नाव शोधायला वाचतो, आपलं कार्ड यादीत सापडलं की सुटकेचा श्वास टाकतो आणि शेजारचा रकाना सोडून देतो.

तो रकाना वाचायलाच हवा. किती रिझोल्यूशन, किती फ्रेम, कुठलं प्रीसेट, आणि त्याखाली बारीक अक्षरात काय. 'मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स' 28 फेब्रुवारी 2025 ला आला. त्याच्या शिफारशीत 1080 वर 60 फ्रेम असं लिहिलं होतं, पण कंसात फ्रेम जनरेशन चालू ठेवून. फ्रेम जनरेशन म्हणजे दोन खऱ्या फ्रेमच्या मधली एक फ्रेम कार्ड अंदाजाने भरतं. डोळ्याला 60 दिसतात, पण हाताला, म्हणजे बटण दाबल्यावर नायक हलतो त्याला, खऱ्या तिसेकच मिळतात. हे शब्द तक्त्यात दिसले की आकडा अर्धा करून वाचावा. त्याच खेळाची मोफत बेंचमार्क, म्हणजे तो आपल्या मशीनवर कसा चालेल ते मोजणारी चाचणी, आधी आली होती, आणि ही पद्धत मला मनापासून आवडते, सगळ्यांनीच द्यावी. तरी तिचाही शेवटचा गुण बघून खूश होऊ नये, कारण तिच्यातला मोठा भाग नुसत्या प्रसंगचित्रांचा आहे आणि ती हलकी चालतात. माणूस मोकळ्या रानात आणि मग तळावर शिरतो त्या मिनिटभराकडे टक लावून बघायचं. सरासरीने कुणाचं भलं होत नाही.

सरासरीबद्दल ताईच्या गल्लीत राहणाऱ्याला जास्त सांगावं लागत नाही. माग तासभर एका लयीत चालला तर कानाला कळतही नाही, पण एक ठोका चुकला की झोपेतला माणूस उठतो. खेळाचंही तसंच आहे. साठ फ्रेममध्ये एखादी फ्रेम 16 ऐवजी 80 मिलिसेकंद खाते, तेव्हा सरासरी जेमतेम तीन-चार फ्रेमने उतरते आणि हाताला मात्र हिसका बसतो. व्हिडिओत एक टक्का लो म्हणून आकडा देतात तो यासाठी, सगळ्यात वाईट फ्रेमा कशा होत्या ते सांगणारा. ह्या हिसक्यांचं एक मोठं कारण शेडर. शेडर म्हणजे पृष्ठभाग कसा दिसावा हे सांगणारे छोटे प्रोग्रॅम. कन्सोलमध्ये चिप एकच, म्हणून ते आधीच तयार करून डिस्कवर देतात. पीसीवर प्रत्येकाचं कार्ड आणि ड्रायव्हर वेगळा, म्हणून ते तुमच्याच घरी तयार करावे लागतात. हे काम आधीच उरकलं तर सुरुवातीला वाट बघावी लागते. नाही उरकलं तर नवा शत्रू पहिल्यांदा दिसला की खेळ क्षणभर गोठतो, आणि त्याला चांगलं मशीनही फारसा उपाय नाही.

मेमरीची गोष्ट जरा वेगळी आणि तीही कन्सोलपासूनच सुरू होते. प्लेस्टेशन 5 मध्ये 16 जीबी मेमरी आहे आणि ती प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघांची मिळून एकच. एका स्वयंपाकघरात दोघी जावा, डबा कुणीही उघडावा. पीसीत रॅम वेगळी, कार्डाची मेमरी वेगळी, आणि मधे एक अरुंद बोळ. शिवाय त्या कन्सोलमध्ये डिस्कवरचा दाबून भरलेला माल उलगडायला स्वतंत्र हार्डवेअर आहे, पीसीवर तेच काम बहुतेकदा प्रोसेसरच्या गळ्यात पडतं. 'द लास्ट ऑफ अस पार्ट 1' हा 28 मार्च 2023 ला पीसीवर आला तेव्हा ही सगळी दुखणी एकदम वर आली. शेडर तयार व्हायला फार वेळ, चालताना प्रोसेसर तापलेला, आणि आठ जीबीच्या कार्डावर हाय टेक्स्चर, म्हणजे भिंती-जमिनींवर चढवायची बारीक चित्रं, मावेनात. ज्यांनी मीडियम केलं त्यांना भिंती अशा दिसल्या की जणू कुणी ओल्या फडक्याने पुसल्यात. आठ जीबीत बसेल असं मधलं टेक्स्चर नीट घडवलेलंच नव्हतं. पुढच्या काही महिन्यांत पॅच येत गेले आणि तेच आठ जीबीचं कार्ड बऱ्यापैकी चित्र दाखवू लागलं. कार्ड तेच, भिंत तीच. कमतरता कार्डात नव्हती, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

आमच्या कामात ह्याला नाव आहे. ड्रॉइंग एकच असतं, पण दुसऱ्या कंट्रोलरवर न्यायचं तर प्रोग्रॅम नव्याने पोस्ट करावा लागतो, त्या मशीनच्या सवयी बघून. घाईत असलेला माणूस जुनाच प्रोग्रॅम उचलतो, चार ओळी हाताने बदलतो आणि चालतंय ना, म्हणून सोडतो. जॉब निघतो. माप बरोबर असतं. फक्त बारा मिनिटांच्या कामाला तीस मिनिटं लागतात आणि त्याचं वीजबिल दुसराच भरतो. मला राग येतो तो ह्याचा, कारण इथे तो दुसरा म्हणजे शिकवण्या घेऊन कार्ड घेणारा पोरगा असतो.

आता खेळ घ्यायचा असला की आम्ही दोघं मिळून बघतो. व्हिडिओ शोधताना तो पूर्वी आपल्या कार्डाचं नाव टाकायचा, आता प्रोसेसरचं टाकतो. बघायचं ते गजबजलेल्या जागेचं, मारामारीचं नाही. कोपऱ्यात कार्डाचा टक्का दिसत असेल तर आकडा कमी असताना तो नव्वदच्या खाली घसरतो का, एवढंच पाहायचं. घसरला तर आपल्याला तिथे सेटिंग कमी करून काही मिळणार नाही. आणि तरीही घेतलाच तर पहिले दोन तास नीट वापरायचे. स्टीम ह्या खेळांच्या ऑनलाइन दुकानात खरेदीपासून चौदा दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मागता येतात. खेळ उघडून शेडर तयार होताना जो वेळ जातो तोही ह्याच दोन तासांत धरला जातो, म्हणून त्या वेळात जेवायला उठायचं नाही. शक्य असेल तर पहिलं मोठं गाव गाठायचं, तिथे उभं राहून रिझोल्यूशन निम्मं करायचं. आकडा जागचा हलला नाही तर उत्तर मिळालं. भाच्याने तो खेळ सहा तास खेळल्यावर मला हाक मारली होती, त्यामुळे तो मार्ग बंद होता. त्याला 30 वर बांध घालून दिला. त्याचा मॉनिटर 60 हर्ट्झचा, त्यावर 41 कधी एक ठोका, कधी दोन, असे वेडेवाकडे पडतात. 30 बरोब्बर दोन दोन ठोक्यांना पडतात. आणि कार्ड तसंही मोकळंच होतं म्हणून ग्राफिक्स सगळं हायवर नेलं. बाजारपेठ पहिल्यांदा नीट दिसली. पाट्या वाचता आल्या.

परवा त्याचा रात्री साडेदहाला फोन आला. पुढच्या महिन्यात येणाऱ्या एका खेळाचा तक्ता त्याला मिळाला होता. कार्ड यादीत होतं, आपलं त्याच्याहून वरचं होतं. "मग?" मी विचारलं. तिकडे बराच वेळ नुसता मागाचा आवाज येत राहिला.

"कन्सोलवर तीसच आहे मामा," तो म्हणाला. "थांबतो जरा."